'कुड यू टेल मी'च्या पुढे 'व्हेअर डझ ही लिव्ह' का चालत नाही? (चूक ओळखा)

परभणी_ते_पुणे

एसएससी सीजीएलची तयारी करतेय. टियर-१ ला इंग्रजीचे २५ प्रश्न असतात आणि चुकलं की अर्धा गुण जातो, म्हणून 'बहुतेक ब असेल' असं करून भागत नाही. अभ्यासिकेत आज एक सराव पेपर सोडवला, त्यात हे वाक्य होतं:

कुड यू टेल मी (अ) / व्हेअर डझ ही लिव्ह (ब) / दीज डेज? (क) / नो एरर (ड)

उत्तर ब दिलंय. स्पष्टीकरण एका ओळीचं: 'इनडायरेक्ट क्वेश्चनमध्ये क्रम साध्या वाक्याचा.' हे पाठ करता येईल, पण मला पटलेलं नाही. वाक्याच्या शेवटी ढळढळीत प्रश्नचिन्ह आहे. प्रश्न आहे म्हणजे साहाय्यकारी क्रियापद कर्त्याच्या आधी, असंच शाळेपासून घोटून घेतलंय. मग इथे ते मागे का जायचं?

बरं, तेही मान्य केलं, तर त्याच पेपरात पुढे हे आलं:

ही आस्क्ड मी (अ) / हू हॅड ब्रोकन (ब) / द विंडो (क) / नो एरर (ड)

इथे उत्तर ड. 'हू'च्या मागोमाग 'हॅड' आलाय, म्हणजे क्रम प्रश्नाचाच झाला ना? एका ठिकाणी तोच क्रम चूक आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर कसा? कोणी नीट उलगडून सांगेल का? नियम नकोय, कारण हवंय.

रँक_येणारच

एवढा विचार करू नका. परीक्षेत एका प्रश्नाला अर्धा मिनिट मिळत नाही. 'टेल मी', 'आय डोन्ट नो', 'ही आस्क्ड', 'आय वंडर' यांपैकी काही दिसलं आणि पुढच्या भागात डू, डझ, डिड दिसलं की तोच भाग चूक. डोळे झाकून टिक करा. 'हू'वालं वाक्य अपवाद आहे, ते तेवढं लक्षात ठेवा. आमच्या क्लासमध्ये असंच शिकवलं आणि आजवर अडलेलं नाही.

गोदाकाठ

माझ्या मते इथे 'कुड'चा मुद्दा आहे. मी नाशिकला एका कंपनीत सपोर्टला आहे, परदेशी ग्राहकांना रोज मेल जातात. सुरुवातीला आम्ही 'कॅन यू टेल मी' लिहायचो, टीम लीडने 'कुड' करायला लावलं, कारण ते जास्त नम्र. 'कुड' हा 'कॅन'चा भूतकाळ, म्हणून पुढेही भूतकाळ यायला हवा, म्हणजे 'व्हेअर ही लिव्ह्ड'. 'डझ' वर्तमानकाळ झाला म्हणून चूक. असं असावं.

सुलभाताई

माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षं इंग्रजी शिकवलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गोदाकाठ, इथला 'कुड' भूतकाळाचा नाही, फक्त मऊपणासाठी आहे. 'दीज डेज' म्हटलंय म्हणजे तो आत्ता कुठे राहतो तेच विचारलंय. 'व्हेअर ही लिव्हज' हेच बरोबर. तुमच्या मेलमध्येही 'कुड यू टेल मी व्हेन यू आर अव्हेलेबल' असंच लिहीत असाल, 'वेअर अव्हेलेबल' नव्हे.

आता मूळ शंका. परभणीच्या ताई, प्रश्नचिन्ह आहे हे तुम्ही बरोबर पकडलंत. फक्त ते कोणाचं आहे ते बघा. या वाक्यात क्रियापदं दोन आहेत, 'टेल' आणि 'लिव्ह'. विचारणारा खरोखर काय विचारतोय? 'तुम्ही सांगू शकाल का?' या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही. प्रश्नचिन्ह या पहिल्या भागाचं आहे, आणि तिथे क्रम उलटा झालेलाही आहे: 'यू कुड'चं 'कुड यू' झालं. प्रश्न तिथेच विचारून झाला.

मग 'व्हेअर'पासून पुढचा भाग काय करतोय? 'टेल मी'नंतर काहीतरी सांगायची गोष्ट लागते, ती जागा तो भरतोय. त्याच्या जागी 'हिज अॅड्रेस' ठेवून बघा: 'कुड यू टेल मी हिज अॅड्रेस?' वाक्य तसंच उभं राहिलं. म्हणजे 'व्हेअर ही लिव्हज' हा इथे प्रश्न नाहीच, पत्त्यासारखंच 'टेल'चं कर्म आहे. जो भाग नामाच्या जागी बसतो तो साध्या क्रमाने बसतो: आधी कर्ता, मग क्रियापद.

म्हणूनच 'आय वॉन्ट टू नो व्हेअर ही लिव्हज' या वाक्याला शेवटी पूर्णविराम असतो. आतला भाग अक्षरन् अक्षर तोच, पण बाहेरचा भाग विधान आहे. काही पेपरांत याच वाक्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून तीच चूक विचारतात, तेही बघून ठेवा.

राहिला 'डझ'. 'ही लिव्हज' या वाक्यात पुढे ढकलायला साहाय्यकारी क्रियापद नाही. प्रश्न करताना काहीतरी कर्त्याच्या पुढे न्यावं लागतं, म्हणून 'डझ' आणतात आणि 'लिव्हज'चा 'ज' तो आपल्या अंगावर घेतो. उलटापालट करायचीच नसेल तर 'डझ'ला काम उरत नाही. तो जातो, आणि घेतलेला 'ज' परत करून जातो. हे परत करणं मुलं विसरतात. 'डझ' खोडून 'व्हेअर ही लिव्ह' लिहितात, ती दुसरी चूक. 'डिड'चंही तसंच: 'व्हेअर डिड शी गो' आत गेलं की 'व्हेअर शी वेंट' होतं, 'व्हेअर शी गो' नाही.

आता 'हू हॅड ब्रोकन द विंडो'. इथे तोडणारा कोण? 'हू'. म्हणजे 'हू' स्वतःच कर्ता आहे. कर्ता आधी, 'हॅड ब्रोकन' नंतर. हा साधाच क्रम आहे, प्रश्नाचा उलटा क्रम नाही. रँक_येणारच म्हणतात तसा अपवाद तर मुळीच नाही, नियमच आहे. 'डू यू नो व्हॉट हॅपन्ड?' हेही याच जातीचं: घडलं ते 'व्हॉट', तोच कर्ता. तुमच्या पहिल्या वाक्यात 'व्हेअर' कर्ता नाही, राहणारा 'ही' आहे. म्हणून तिथे 'ही' पुढे यायला हवा.

थोडक्यात, प्रश्नार्थक शब्द दिसला की थांबायचं आणि विचारायचं: यापुढच्या क्रियापदाचा कर्ता कोण?

परभणी_ते_पुणे

'हिज अॅड्रेस' ठेवून बघायची युक्ती लगेच कळली. आणि 'हू' स्वतः कर्ता आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, आम्हालाही अपवाद म्हणूनच शिकवलंय. खूप आभार ताई.

शेवगावकर

रँक_येणारच यांच्या 'डिड दिसलं की चूक'वर माझा आक्षेप आहे. मागच्या आठवड्यात हे वाक्य आलं होतं:

नोबडी नोज (अ) / व्हाय ही डिड नॉट अटेंड (ब) / द मीटिंग (क) / नो एरर (ड)

'नोबडी नोज' आहे, 'डिड' आहे. त्या नियमाने ब टिक करायचं. उत्तरसूचीत ड आहे. सूची चुकली का?

रँक_येणारच

सूची चुकली असणार. 'व्हाय ही अटेंडेड नॉट' असं काहीतरी हवं. सराव पेपरांच्या सूचीत चुका असतातच.

सुलभाताई

नाही, सूची बरोबर आहे. 'ही डिड नॉट अटेंड द मीटिंग' हे साधं नकारार्थी विधान आहे. इंग्रजीत 'अटेंडेड'ला थेट 'नॉट' जोडता येत नाही, म्हणून तिथे 'डिड' लागतो. तो प्रश्नासाठी आलेला नाही, नकारासाठी आलाय. आत गेल्यावरही नकार तसाच राहिला, म्हणून 'डिड'ही राहिला. फक्त त्याची जागा बघायची: कर्त्याच्या मागे आहे, 'ही डिड नॉट'. हेच वाक्य 'व्हाय डिड ही नॉट अटेंड' असं असतं तर ब चूक ठरला असता.

रँक_येणारच, तुमची युक्ती होकारार्थी वाक्यांत चालते हे खरं. पण पेपर काढणाऱ्यालाही क्लासमधल्या युक्त्या माहीत असतात. 'डिड' शोधू नका, 'डिड' कर्त्याच्या पुढे आहे की मागे ते शोधा. शिवाय इज, आर, हॅज, हॅड, विल, कॅन असली क्रियापदं कुठेच जात नाहीत, नुसती जागा बदलतात. 'डू' शोधत बसाल तर 'आय डोन्ट नो व्हेन विल ही कम' तुमच्या हातून सुटेल. तिथे 'व्हेन ही विल कम' हवं.

रँक_येणारच

हे मान्य. नकारार्थी वाक्य डोक्यात आलं नव्हतं. जागा बघायची, शब्द नाही. वहीत बदल केला.

डब्लिनकर

मी आयर्लंडमध्ये राहतो. इथे ऑफिसात सर्रास ऐकू येतं: 'ही आस्क्ड मी वॉज आय कमिंग', 'आय वंडर इज शी ऑल राइट'. ही इंग्रजी हीच मातृभाषा असलेली माणसं आहेत, शिकलेली आहेत. आयरिश इंग्रजीत हे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय आणि इथे त्याला कोणी चूक म्हणत नाही. भारतातही टीव्हीवरच्या चर्चांत 'टेल मी व्हाय आर यू डुइंग धिस' रोज ऐकतो. मग याला सरसकट चूक म्हणणं कितपत योग्य?

सुलभाताई

डब्लिनकर, तुमचं निरीक्षण अचूक आहे. आयरिश बोलीत ही रचना पक्की रुजलेली आहे आणि तिथल्या बोलण्यात ती चूक नाही. पण परीक्षेचा मापदंड बोलीचा नाही, प्रमाण लेखी इंग्रजीचा आहे, आणि तिथे 'ही आस्क्ड मी इफ आय वॉज कमिंग' हेच लागतं. टीव्हीवरच्या वाक्यात पुष्कळदा बोलणारा 'टेल मी' म्हणून क्षणभर थांबतो आणि मग थेट प्रश्न विचारतो. लिहिताना तिथे स्वल्पविराम येईल: 'टेल मी, व्हाय आर यू डुइंग धिस?' ती दोन वेगळी वाक्यं झाली आणि ते बरोबरच आहे. कानाने ऐकलेल्यात स्वल्पविराम दिसत नाही, छापलेल्यात दिसतो. परीक्षेत तो आहे का ते बघा. अवतरणचिन्हांचंही तेच. 'ही आस्क्ड मी'च्या पुढे स्वल्पविराम आणि अवतरणात 'व्हेअर डझ युअर ब्रदर लिव्ह?' असेल तर ते त्या माणसाचे शब्द जसेच्या तसे आहेत, तिथे काहीही हलवायचं नाही.

तुमच्या उदाहरणावरून आठवलं. ज्या प्रश्नाचं उत्तर हो-नाही असतं, त्यात व्हेअर-व्हाय असा शब्दच नसतो, म्हणून आत घेताना 'इफ' किंवा 'व्हेदर' लावावं लागतं. आपली मुलं तिथे 'दॅट' घालतात: 'ही आस्क्ड मी दॅट व्हेदर आय वॉज कमिंग', 'ही आस्क्ड दॅट व्हेअर आय लिव्ह्ड'. 'त्याने विचारलं की मी कुठे राहतो' यातला 'की' इंग्रजीत उतरतो तो असा. मराठीत 'की' आणि 'कुठे' सुखाने शेजारी बसतात, इंग्रजीत जोडायला एकच शब्द पुरतो. 'दॅट' आणि 'व्हेअर' किंवा 'दॅट' आणि 'व्हेदर' सलग दिसले की 'दॅट'चा भाग चूक.

गोदाकाठ

सुलभाताई, एक विचारू का? मराठीत आपण 'तो कुठे राहतो?' म्हणतो आणि 'तो कुठे राहतो ते सांगाल का?' म्हणतो. आतला भाग दोन्हीकडे सारखाच. क्रियापद हलत नाही. मग मराठी माणसाला 'व्हेअर ही लिव्हज' सहज जमायला हवं होतं. आमच्या ऑफिसात उलट का दिसतं?

सुलभाताई

हे मी वर्गात वर्षानुवर्षं बघितलंय. पाचवी-सहावीतलं मूल तुम्ही म्हणता तसंच बोलतं, पण चुकीच्या जागी: थेट प्रश्नातच 'व्हेअर ही लिव्हज?' म्हणतं, कारण मराठीत क्रियापद हलत नाही. मग आम्ही शिक्षक मागे लागतो. प्रश्नार्थक शब्द, मग साहाय्यकारी क्रियापद, मग कर्ता, असं फळ्यावर लिहून शंभरदा म्हणवून घेतो. दहावीपर्यंत ते इतकं मुरतं की 'व्हेअर' दिसला की हात आपोआप 'डझ' लिहितो, मग तो 'व्हेअर' वाक्याच्या सुरुवातीला असो की मधे. म्हणजे ही चूक इंग्रजी न येणाऱ्यांची नसते, प्रश्न करायला मेहनतीने शिकलेल्यांची असते. दोन्ही रचना एकाच तासाला शेजारी-शेजारी शिकवल्या तर निम्मं काम होईल. आमच्याकडे थेट प्रश्न पाचवीत आणि अप्रत्यक्ष कथन नववीत, असं अंतर पडायचं.

लातूरचा_अनिकेत

बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. एका वाक्यावरून आमच्या अभ्यासिकेत दोन गट पडलेत:

डू यू नो (अ) / हाउ मेनी स्टुडंट्स आर देअर (ब) / इन द क्लास? (क) / नो एरर (ड)

एका क्लासच्या सूचीत ड आहे, दुसऱ्याच्या सूचीत ब. मी ड म्हणतो. 'हाउ मेनी स्टुडंट्स' हाच कर्ता, पुढे 'आर'. ताईंच्याच नियमाने बरोबर बसतं.

परभणी_ते_पुणे

मलाही ड वाटतंय. 'हाउ मेनी स्टुडंट्स देअर आर' कानाला विचित्र लागतं.

सुलभाताई

कानाला विचित्र लागतं, पण 'हाउ मेनी स्टुडंट्स देअर आर इन द क्लास' हेच बरोबर. अनिकेत, साधं विधान करून बघा: 'देअर आर फॉर्टी स्टुडंट्स इन द क्लास.' इथे 'आर'च्या आधी कोण बसलंय? 'देअर'. या 'देअर'चा अर्थ 'तिथे' असा नाही, वर्गाचं ठिकाण तर पुढे वेगळं सांगितलंच आहे. तो नुसता कर्त्याची जागा धरून बसलाय. प्रश्न केला की 'देअर आर'चं 'आर देअर' होतं, आत घेतलं की पुन्हा 'देअर आर'. म्हणून ब.

तुमचा युक्तिवाद एका वाक्यात खरा ठरतो: 'डू यू नो हाउ मेनी स्टुडंट्स आर इन द क्लास?' 'देअर' काढून टाकला की 'हाउ मेनी स्टुडंट्स' हाच कर्ता होतो आणि वाक्य निर्दोष आहे. किंवा कोणी दूरच्या हॉलकडे बोट दाखवून 'किती मुलं तिथे आहेत' अशा अर्थाने 'आर देअर' म्हटलं, तेही चालेल. दिलेल्या वाक्यात 'इन द क्लास' आहे, म्हणून मी ब देईन.

लातूरचा_अनिकेत

पण 'इन द क्लास' हा 'तिथे'चाच खुलासा असू शकतो की. 'तिथे, वर्गात.' मग ड चालेल.

सुलभाताई

ओढूनताणून चालेल. परीक्षक तो अर्थ धरणार नाही, पण व्याकरणाने तुमचं म्हणणं अगदीच खोडता येत नाही, हेही खरं.

परभणी_ते_पुणे

ताई, अजून एक. 'डू यू नो व्हेअर ही लिव्हज' कळलं. मग 'डू यू थिंक व्हेअर ही लिव्हज' का चूक दिलंय? क्रम तर साधा आहे.

सुलभाताई

क्रम बरोबर, जागा चुकली. मघाचीच कसोटी लावा: विचारणाऱ्याला उत्तर काय हवंय? 'डू यू नो'ला 'हो, माहितीये' म्हणता येतं. 'तुला काय वाटतं, तो कुठे राहतो?' याला 'हो, वाटतं' असं उत्तर देऊन चालेल का? नाही, गावाचं किंवा पेठेचं नाव द्यावं लागेल. म्हणजे इथे खरा प्रश्न 'व्हेअर'चाच आहे. म्हणून 'व्हेअर' वाक्याच्या अगदी पुढे येतो आणि उलटापालट 'थिंक'पाशी होते: 'व्हेअर डू यू थिंक ही लिव्हज?' शेवटचा तुकडा 'ही लिव्हज' तरीही साधाच राहतो. 'व्हेअर डू यू थिंक डझ ही लिव्ह' असं दोनदा उलटवायचं नाही. एका वाक्यात प्रश्न एकदाच विचारला जातो. 'थिंक'बरोबर 'सपोज', 'बिलीव्ह', 'इमॅजिन' हीही अशीच वागतात.

शेवगावकर

हे सगळं वाचायला सोपं वाटतं, पण वेळ लावून सोडवताना तुम्ही नेमकं काय बघता? एखादं लांब वाक्य घेऊन दाखवाल का?

सुलभाताई

घ्या:

द मॅनेजर वॉन्टेड टू नो (अ) / व्हाय हॅड द फाइल्स दॅट वेअर साइन्ड ऑन मंडे (ब) / नॉट बीन सेंट टू द हेड ऑफिस (क) / नो एरर (ड)

पहिला भाग वाचला: 'वॉन्टेड टू नो'. जाणायची गोष्ट पुढे येणार, म्हणजे पुढचा भाग नामाच्या जागेवर बसणार आणि क्रम साधा हवा. इथेच सावध व्हायचं. पुढे 'व्हाय' आला. 'व्हाय' कधीच कर्ता नसतो, तसेच व्हेअर, व्हेन आणि नुसता हाउ. त्यांच्या मागोमाग कर्ता यायला हवा. आला 'हॅड'. चूक इथेच सापडली, पण घाई न करता कर्ता शोधून खात्री करायची.

कर्ता 'द फाइल्स'. त्याला 'दॅट वेअर साइन्ड ऑन मंडे' हे शेपूट जोडलंय. हे शेपूट मुद्दाम लावलेलं आहे. त्यातला 'वेअर' बघून काही जणांना वाटतं की हेच मुख्य क्रियापद, आणि ते फाइल्सनंतर आलंय म्हणून क्रम ठीक आहे. तो 'वेअर' फक्त फाइल्सचं वर्णन करतो. फाइल्सचं खरं क्रियापद 'हॅड नॉट बीन सेंट' आहे, आणि त्याचा 'हॅड' तोडून पुढे नेलाय. जागेवर आणला की वाक्य होतं: 'व्हाय द फाइल्स दॅट वेअर साइन्ड ऑन मंडे हॅड नॉट बीन सेंट टू द हेड ऑफिस'. उत्तर ब.

क मध्ये 'नॉट' आधी बघून शंका येऊ शकते, कारण दुरुस्तीनंतर 'हॅड' तिथे जातो. पण सुटलेली वस्तू ब मध्ये चुकीच्या जागी बसलीये, म्हणून टिक ब वरच.

'व्हॉट', 'हू', 'विच', 'हाउ मेनी' असले शब्द आले तर मात्र थांबून बघावं लागतं, कारण ते कर्ताही असतात आणि नसतातही. आणि 'हाउ' विशेषण घेऊन येतो तेव्हा जोडी फोडायची नाही. 'आय डोन्ट नो हाउ ओल्ड इज ही' चूक, 'हाउ ओल्ड ही इज' बरोबर. 'हाउ ही इज ओल्ड' असं लिहिणारेही भेटलेत. 'व्हॉट टाइम इट इज' मध्येही 'व्हॉट टाइम' ही जोडी एकत्रच जाते.

डब्लिनकर

मग 'ही आस्क्ड मी व्हॉट वॉज द मॅटर' याचं काय? नियमाने 'व्हॉट द मॅटर वॉज' हवं. पण छापील पुस्तकांत पहिलं मी अनेकदा वाचलंय, तेही काटेकोर लिहिणाऱ्यांचं.

सुलभाताई

हे वाक्य खरोखर अवघड आहे. 'व्हॉट इज द मॅटर विथ हिम' मध्ये 'द मॅटर' म्हणजे जवळजवळ 'राँग'. 'व्हॉट इज राँग विथ हिम' मध्ये 'व्हॉट' उघडच कर्ता आहे, आत गेल्यावर 'व्हॉट वॉज राँग' असंच राहतं, कोणी 'व्हॉट राँग वॉज' म्हणत नाही. त्याच चालीने 'व्हॉट वॉज द मॅटर' बरोबर, आणि माझं मत त्याच बाजूचं आहे. दुसरी रचनाही वापरात आहे. सराव पुस्तकांत मात्र दोन्ही प्रकारची उत्तरं सापडतात.

'हू इज द कॅप्टन'चंही थोडं असंच आहे. 'टेल मी हू इज द कॅप्टन' आणि 'टेल मी हू द कॅप्टन इज', दोन्ही वाचायला मिळतात, कारण 'असणे'च्या दोन्ही बाजूंना बसलेल्यांपैकी कर्ता कोण यावर वाद घालता येतो. परीक्षेत 'हू द कॅप्टन इज' सुरक्षित. पण सर्वनाम आलं की वाद संपतो: 'टेल मी हू ही इज'. 'हू इज ही' चूकच.

रँक_येणारच

म्हणजे 'व्हॉट वॉज द मॅटर' आलं तर परीक्षेत काय टिक करायचं?

सुलभाताई

आधी बाकीचे भाग नीट तपासा. दुसरीकडे कुठे स्पष्ट चूक असेल तर उत्तर तेच. बाकी सगळं निर्दोष असेल तर मी 'नो एरर' देईन. सूचीत वेगळं आलं तर हरकत नोंदवण्याइतका आधार आहे.

लातूरचा_अनिकेत

मी सोडून देईन. अर्धा गुण वाचेल.

परभणी_ते_पुणे

आज इंग्रजी पेपर वाचताना अग्रलेखात हे सापडलं: 'द क्वेश्चन इज हाउ कॅन द गव्हर्नमेंट रिडीम इट्स प्रॉमिस.' स्वल्पविराम नाही, अवतरण नाही. ताईंच्या कसोटीने 'हाउ द गव्हर्नमेंट कॅन' हवं ना? 'इज'च्या पुढे नामाची जागा आहे.

सुलभाताई

हो, आणि तुम्ही कारणासकट सांगितलंत. 'इज'नंतर स्वल्पविराम किंवा अपूर्णविराम आणि शेवटी प्रश्नचिन्ह असतं, तर तो थेट प्रश्न मानून सोडून दिलं असतं. नुसतं सलग लिहिलंय, शेवटी पूर्णविराम आहे, म्हणून परीक्षेत आलं तर चूक.

डब्लिनकर

माझ्या कानाला ते अजूनही चूक वाटत नाही. इथे हेच वाक्य कोणी म्हटलं तर कोणी मान वर करून बघणार नाही.

सुलभाताई

तिथे राहून तसं वाटणं स्वाभाविक आहे. अनिकेत, तुमच्या 'आर देअर'वर अजून कोणाकडे वेगळ्या सूचीचं उत्तर असेल तर इथे टाका. नुसतं अक्षर नको, सोबत दिलेलं स्पष्टीकरणही लिहा.

लातूरचा_अनिकेत

उद्या अभ्यासिकेतल्या मित्रांकडून दोन्ही पुस्तकं घेतो आणि स्पष्टीकरणं इथे टाइप करतो.